रोपांची पाने जांभळी पडतात तेव्हा : स्फुरदाची कमतरता आणि थंडीचा ताण वेगळे कसे ओळखावेत

टोमॅटोच्या रोपांना दोन-तीन खरी पाने आली आणि पानांच्या खालच्या बाजूला जांभळी झाक दिसू लागली, की बहुतेकांचा हात थेट स्फुरदयुक्त खताकडे जातो. जांभळा रंग हे स्फुरदाच्या कमतरतेचे लक्षण आहे, हे खरेच आहे. मात्र गार रात्री आणि लख्ख उन्हाचे दिवस एकापाठोपाठ आले तरी रोपे अगदी तशीच दिसतात. शिवाय या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते आणि सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळेच होतो : माध्यमात स्फुरद पुरेसे असते, परंतु गार पडलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी पानात स्फुरदाची खरोखरच कमतरता असते, तरीही खत हा त्यावरचा पहिला उपाय नसतो.

या लेखात ट्रेमध्ये वाढणाऱ्या टोमॅटोच्या रोपांचे उदाहरण घेतले आहे, कारण टोमॅटोमध्ये हा रंग लवकर आणि ठळक दिसतो आणि ट्रेच्या छोट्या कप्प्यातले माध्यम हवेबरोबर भराभर गार होते. मिरची, वांगी, कोबी, मका यांनाही हीच पद्धत लागू पडते. मक्याचे आणि शेतात लावलेल्या रोपांचे काही वेगळेपण आहे, ते शेवटी सांगितले आहे.

रंग येतो कसा

पानातला हा लाल-जांभळा रंग ॲन्थोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. पानात साखर तयार होत राहिली, पण ती वाढीसाठी वापरली गेली नाही किंवा पानाबाहेर वाहून नेली गेली नाही, तर ती साचते आणि साचलेल्या साखरेबरोबर ॲन्थोसायनिन वाढते. थंडीत नेमके हेच घडते. दिवसा ऊन भरपूर असल्याने साखर तयार होते, पण रात्रीच्या गारव्यामुळे कोंब आणि मुळे यांची वाढ मंदावलेली असते. स्फुरद कमी पडल्यावरही हेच घडते, कारण साखरेच्या वाहतुकीला आणि नव्या पेशी घडवायला स्फुरद लागते. दोन्ही वाटा शेवटी एकाच रंगापाशी येतात, म्हणून नुसता रंग पाहून कारण ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट मुळांची. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येते, पण स्फुरद तसे येत नाही. ते माध्यमातल्या द्रवातून अत्यंत सावकाश, काही मिलिमीटर एवढेच सरकते, त्यामुळे रोपाला ते मिळवायचे असेल तर मूळच त्याच्यापर्यंत वाढत जावे लागते. माध्यम गार झाले की मुळांची वाढ थांबते, स्फुरदाचे सरकणे मंदावते आणि ते आत ओढून घेण्याची मुळांची क्षमताही घटते. टोमॅटोच्या बाबतीत मुळांभोवतीचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की स्फुरदाची उचल जाणवण्याइतकी कमी होते. माध्यम दिवसचे दिवस १२ अंशांच्या आसपास राहिले, तर भरपूर खत दिलेल्या ट्रेमध्येही पाने जांभळी होतात.

म्हणून निदान करताना प्रश्न तीन शक्यतांचा असतो : माध्यमात स्फुरदच कमी आहे, स्फुरद आहे पण मुळे गार आहेत, किंवा स्फुरदाचा काहीच संबंध नसून थंडी आणि ऊन यांनीच पानांना रंग आणला आहे. दुसरी आणि तिसरी शक्यता रोपवाटिकेत वेगळी काढता आली नाही तरी फारसे बिघडत नाही, कारण दोन्हींवर ऊब हाच उपाय आहे. पहिली मात्र वेगळी काढावीच लागते.

पहिली पायरी : रंग कुठे आहे ते पाहणे

सकाळी उजेड चांगला असताना ट्रेच्या मध्यातून आणि कडेने मिळून आठ-दहा रोपे निवडावीत आणि प्रत्येक रोपाची पाने खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे, उलटून पाहावीत. स्फुरद रोपात फिरते असते. ते कमी पडले की रोप जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. त्यामुळे खऱ्या कमतरतेत रंगाची सुरुवात सर्वांत खालच्या खऱ्या पानापासून होते, प्रथम खालच्या बाजूच्या शिरा जांभळ्या होतात आणि मग रंग शिरांमधल्या भागात पसरतो. वरून पाहिले तर पान फिके न होता उलट काळपट, निळसर हिरवे आणि निस्तेज दिसते, कारण पानाचा विस्तार हिरव्या द्रव्यापेक्षा जास्त घटलेला असतो. खोड बारीक राहते आणि पाने लहान राहून काहीशी ताठ उभी दिसतात.

थंडीमुळे आलेला रंग वयाचा एवढा विचार करत नाही. नुकतीच उघडलेली कोवळी पानेही रंगतात, आकाशाकडे उघडी असलेली वरची बाजू आणि पानांच्या कडा अनेकदा जास्त रंगतात, आणि ट्रेच्या मांडणीत वाऱ्याकडच्या किंवा उघड्या बाजूच्या ओळी आतल्या ओळींपेक्षा गडद असतात. कडेकडून आतल्या बाजूला रंग फिका होत गेलेला दिसला, तर थंडीचा संशय बळावतो. सर्व ट्रे एकाच माध्यमाने भरलेले असताना खताची कमतरता अशी कडा धरून बसत नाही.

दुसऱ्या पानाने झाकलेला भाग हिरवा आणि उघडा भाग जांभळा, ही खूण थंडीची समजली जाते. तिच्यावर फार विसंबू नये, कारण स्फुरदाच्या कमतरतेतही ॲन्थोसायनिन तयार व्हायला उजेड लागतो आणि सावलीतला भाग तिथेही हिरवा राहू शकतो.

बीजदलांच्या खालचे खोड जांभळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टोमॅटोच्या बहुतेक वाणांत आणि कोबीच्या अनेक वाणांत ते जात्याच जांभळट असते. आपल्याला पाहायची आहेत ती पाने.

दुसरी पायरी : मुळांचे तापमान मोजणे

हवेचे तापमान नोंदवून भागत नाही. ओल्या माध्यमावरून पाणी उडत राहते आणि त्यामुळे ते हवेपेक्षा काही अंश गार असू शकते. त्यातच जाळीच्या मांडणीखालून गार वारा वाहत असेल, तर कप्पा चारही बाजूंनी गार होतो. साधा, सळईसारखा टोक असलेला तापमापक कप्प्यात निम्म्या खोलीपर्यंत खोचावा आणि दोन मिनिटांनी आकडा वाचावा. मोजमाप तीन वेळा करावे : सूर्योदयाच्या सुमारास, सकाळचे पाणी दिल्यावर दहा मिनिटांनी आणि दुपारी. कडेचा एक आणि मधला एक असे दोन ट्रे घेतले तर फरक लगेच कळतो.

यातले मधले मोजमाप बहुतेक जण घेत नाहीत, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगाचे आहे. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतले पाणी पहाटे दिले, तर रोज नेमक्या ऊब येण्याच्या वेळी मुळे पुन्हा गार होतात. दिवसभरात मुळांना १८ अंशांच्या वरचे किती तास मिळतात, हे त्या एका पाण्यावर ठरते.

पहाटेचे तापमान १६ अंश किंवा त्याहून जास्त असेल आणि तरीही जुनी पाने जांभळी पडत असतील, तर थंडीचे कारण मागे पडते. ते १२-१३ अंशांच्या खाली असेल, तर थंडीचा वाटा नक्की आहे; प्रश्न उरतो तो फक्त थंडीबरोबर स्फुरदही कमी आहे का एवढाच.

तिसरी पायरी : मुळे, सामू आणि खताचा हिशेब

दोन रोपे माध्यमाच्या गड्ड्यासह अलगद काढून मुळे पाहावीत. स्फुरद कमी पडले की रोप पाने आखडते पण मुळांवर खर्च करत राहते, त्यामुळे वरच्या वाढीच्या मानाने मुळे लांब, बारीक आणि पुष्कळ दिसतात. गारठ्यातली मुळे याच्या उलट असतात : पांढरी, जाडसर, आखूड आणि कमी फाटे फुटलेली. मुळे तपकिरी आणि मऊ असतील किंवा ओढल्यावर बाहेरचे आवरण सुटून येत असेल, तर प्रश्न जास्त पाण्याचा किंवा मूळकुजीचा आहे. अशी मुळे कोणतेच अन्नद्रव्य नीट उचलत नाहीत, म्हणून पाने जांभळी पडतात, आणि पुढच्या पायऱ्या करण्याआधी पाणी आवरावे लागते.

सामू मोजण्यासाठी एक माप माध्यम आणि दोन मापे ऊर्ध्वपातित पाणी एकत्र ढवळून अर्धा तास ठेवावे आणि मग मापकाने वाचावे. कोकोपीटसारख्या मातीविरहित माध्यमात ५.५ ते ६.५ हा सामू योग्य असतो. सामू ७ च्या वर चढला असेल तर दिलेले स्फुरद कॅल्शियमशी जखडून बसते. पाणी जड आणि क्षारयुक्त असेल तर लहान कप्प्यात हे तीन-चार आठवड्यांत घडू शकते. याच मिश्रणाची विद्युतवाहकताही पाहावी. रोपांसाठी या पद्धतीत ती साधारण ०.३ ते ०.७ डेसीसायमन प्रति मीटर असली तर एकूण पोषण ठीक आहे असे धरता येते. तिचा अर्थ मात्र मर्यादित आहे : तो आकडा सर्व क्षारांचा मिळून असतो, त्यात स्फुरद किती हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी दिलेल्या खताचा हिशेब मांडावा. खताच्या पिशवीवरचा मधला आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचे शेकडा प्रमाण असतो. मूळ स्फुरद काढण्यासाठी त्याला ०.४४ ने गुणावे. १९-१९-१९ हे खत लिटरला अर्धा ग्रॅम दिले, तर त्यात ९५ मिलिग्रॅम ऑक्साइड म्हणजे सुमारे ४२ मिलिग्रॅम स्फुरद होते. ट्रेमधल्या रोपांना नियमित पाण्यातून लिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम स्फुरद पुरते, तेव्हा हे खत आठवड्यातून दोनदा मिळत असेल तर रोपे उपाशी नाहीत. उलट नुसते कोकोपीट आणि नुसते पाणी असेल, तर तिसऱ्या पानाच्या सुमारास स्फुरद कमी पडणे अगदी स्वाभाविक आहे. कोकोपीटमध्ये चिकणमातीसारखे स्फुरद धरून ठेवणारे काही नसते, त्यामुळे सुरुवातीला मिसळलेले खतही कप्प्याखालून निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते.

येथे एक सावधगिरीची सूचना. बुरशीनाशक म्हणून विकली जाणारी फॉस्फाइट किंवा फॉस्फोनेट गटातली द्रव्ये नावाने स्फुरदासारखी वाटली तरी रोप त्यांचा अन्न म्हणून उपयोग करू शकत नाही, आणि स्फुरदाची उपासमार असलेल्या रोपांना ती अपायकारकही ठरतात. हिशेबात ती धरू नयेत.

चौथी पायरी : चार गटांची चाचणी

वरच्या तीन पायऱ्यांनी बहुतेक वेळा अंदाज येतो. खात्री हवी असेल, किंवा खुणा परस्परविरुद्ध असतील, तर सात ते दहा दिवसांची एक छोटी चाचणी करावी. एकसारखे जांभळे पडलेले चार ट्रे, किंवा एकाच ट्रेचे कापलेले चार तुकडे घ्यावेत. पहिला गट आहे तसाच ठेवावा. दुसऱ्याला आहे त्याच थंडीत स्फुरद द्यावे. तिसऱ्याला स्फुरद न देता ऊब द्यावी. चौथ्याला ऊब आणि स्फुरद दोन्ही द्यावे.

स्फुरदासाठी मोनो पोटॅशियम फॉस्फेट, म्हणजे ०-५२-३४ हे खत वापरावे. त्यात नत्र नसल्याने रोप हिरवे झाले ते नत्रामुळे की स्फुरदामुळे, हा घोळ होत नाही. मोनो अमोनियम फॉस्फेट (१२-६१-०) चाचणीसाठी घेऊ नये. त्यातले नत्र अमोनियम रूपात असते आणि गार माध्यमात त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर सावकाश होत असल्याने ते साचून कोवळ्या मुळांना त्रास देऊ शकते. प्रमाण लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे दहा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम. यातून लिटरमागे सुमारे ५७ मिलिग्रॅम स्फुरद मिळते, जे नेहमीच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पण अपाय न करणारे आहे. कप्प्याच्या तळातून थोडेसे निथळेपर्यंत हे पाणी द्यावे, चौथ्या दिवशी पुन्हा द्यावे, आणि इतर गटांना त्याच वेळी तेवढेच साधे पाणी द्यावे.

ऊब देताना जी चूक सर्रास होते ती अशी : जांभळी रोपे उचलून घरात किंवा बंद शेडमध्ये ठेवली जातात आणि आठवड्यात ती हिरवी झाली की थंडीचेच कारण होते असा निष्कर्ष काढला जातो. पण आत उजेड कमी असतो, आणि उजेड कमी झाला की साखर कमी साचते आणि रंग आपोआप उतरतो, मग मूळ कारण काहीही असो. म्हणून ऊब द्यायच्या गटांना फक्त रात्री आत ठेवावे, सकाळी इतर ट्रेंच्या शेजारीच परत मांडावे आणि सर्व गटांना दिवसभर सारखेच ऊन मिळू द्यावे. रात्री आत मुळांचे तापमान १७-१८ अंशांच्या खाली जात नाही ना, हे एकदा मोजून पाहावे. ट्रेखाली घालायची विजेची उबदार चटई उपलब्ध असेल तर रोपे हलवण्याचीही गरज नाही. ऊब दिलेल्या गटांना पाणीही साधारण २० अंशांचे द्यावे.

निकाल वाचताना जुन्या पानांकडे दुर्लक्ष करावे. एकदा आलेला रंग कारण दूर झाल्यावरही एक-दोन आठवडे टिकतो, आणि खालचे पान कधी कधी शेवटपर्यंत जांभळेच राहते. चाचणी सुरू करताना प्रत्येक गटातल्या पाच रोपांच्या सर्वांत वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला दोऱ्याची सैल खूण बांधावी. त्या खुणेच्या वर नंतर उघडलेली पाने, त्यांचा आकार आणि त्यांच्या खालच्या बाजूचा रंग, एवढ्यावरच निर्णय करावा.

या चाचणीत निर्णायक गट तिसरा आहे, ऊब मिळालेला पण स्फुरद न मिळालेला. त्याची नवी पाने हिरवी आणि मोठी आली, तर माध्यमात स्फुरद पुरेसे होते आणि अडचण थंडीची होती. ऊब मिळूनही त्याची नवी पाने लहान, काळपट हिरवी आणि खालून जांभळी आली, आणि चौथ्या गटाची मात्र चांगली आली, तर माध्यमात स्फुरद खरोखर कमी आहे. दुसऱ्या गटावरून निर्णय करू नये. थंडीतच स्फुरद दिलेली रोपे थोडीफार सुधारली तरी माध्यमात कमतरता होती असे सिद्ध होत नाही, कारण मुळांभोवती स्फुरदाचे प्रमाण वाढवले की गार मुळेही थोडे जास्त उचलतात. खत दिले आणि फरक पडला, म्हणजे खतच कमी होते, ही समजूत या एका गटामुळेच पक्की होत असते. तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गटांत सुधारणा नसेल, तर मुळे, सामू किंवा वाणाचा स्वाभाविक रंग यांकडे पुन्हा वळावे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

असे समजा, की ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखत भरून टोमॅटो पेरले आहेत. पेरणीला २४ दिवस झाले, रोपांना तिसरे खरे पान आले आहे. पहिल्या खऱ्या पानापासून आठवड्यातून दोनदा १९-१९-१९ लिटरला अर्धा ग्रॅम दिले जात आहे. गेल्या आठ दिवसांत आकाश निरभ्र आहे, रात्री हवा ९ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी २७ पर्यंत चढते. पानांची खालची बाजू जांभळी झाली आहे आणि वाढ थांबल्यासारखी वाटते.

पाने उलटून पाहिली तेव्हा दुसरे आणि तिसरे, दोन्ही पाने रंगलेली आढळली, आणि उघड्या बाजूच्या ट्रेमध्ये रंग जास्त गडद होता. येथे एक खूण संभ्रमात टाकणारी आहे : शिरा ठळक जांभळ्या आहेत, आणि ते तर स्फुरदाच्या कमतरतेचे पुस्तकी लक्षण. माध्यमाचे तापमान सूर्योदयाला ११ अंश, पाणी दिल्यावर १० अंश आणि दुपारी २१ अंश भरले. मुळे पांढरी, आखूड, जाडसर. सामू ६.३, विद्युतवाहकता ०.६. खताचा हिशेब वर केलाच आहे : प्रत्येक वेळी लिटरमागे सुमारे ४२ मिलिग्रॅम स्फुरद, शिवाय गांडूळखतातले वेगळे. हे सर्व एकत्र पाहिले तर शिरांचा रंग ही एकच खूण स्फुरदाकडे बोट दाखवते, बाकी सर्व खुणा थंडीकडे. शिरांच्या रंगाचाही खुलासा होतो : पानात स्फुरद कमी आहे, पण ते कप्प्यात पडून आहे.

चार गटांची चाचणी लावली आणि नवव्या दिवशी पाहिले, तर निकाल असा यायला हवा. पहिल्या गटाचे नवे पान लहान आणि जांभळे. दुसऱ्याचे किंचित मोठे, शिरा अजून जांभळ्या. तिसऱ्या आणि चौथ्या गटाची नवी पाने दोन्ही बाजूंनी हिरवी आणि आकाराने जवळपास सारखी. चौथा तिसऱ्यापेक्षा उजवा नाही, यावरून जादा स्फुरदाने काही साधले नाही हे कळते. उपाय मग खताचा नाही. पाणी पहाटेऐवजी दहा-अकराच्या सुमारास द्यायचे, टाकी उन्हात किंवा झाकलेली ठेवायची, सूर्यास्ताच्या आधी मांडणीवर आच्छादन टाकून मांडणीच्या बाजूही खालपर्यंत झाकायच्या म्हणजे जाळीखालून वारा फिरणार नाही, आणि सकाळी ऊन अंगावर आले की आच्छादन काढायचे. पहाटेचे तापमान एवढ्यानेच ११ वरून १४-१५ पर्यंत नेता आले, तरी दिवसाच्या ऊबेसह ते रोपांना पुरते.

आता याच उदाहरणात दोन गोष्टी बदलून पाहा : माध्यम नुसते कोकोपीट आहे आणि रोपांना नुसते पाणी मिळाले आहे. थंडी तीच, रंग तोच. पण विद्युतवाहकता ०.२ च्या आसपास भरेल, बीजदले पिवळी पडू लागलेली दिसतील, आणि तिसऱ्या गटाला ऊब देऊनही नवी पाने जांभळीच येतील. येथे ऊब आणि खत दोन्ही लागतील, आणि पिवळेपणा सांगतो तसे नत्रही. म्हणून एकट्या स्फुरदापेक्षा तिन्ही अन्नद्रव्ये असलेले विद्राव्य खत आधी द्यावे.

कमतरता सिद्ध झाल्यावर खत किती द्यावे

०-५२-३४ लिटरला पाव ग्रॅम या प्रमाणात चार-चार दिवसांनी दोन वेळा, आणि त्यानंतर नेहमीचे संतुलित विद्राव्य खत, एवढे ट्रेमधल्या रोपांना पुरेसे आहे. यापुढे वाढवण्याचा मोह टाळावा. जास्त स्फुरदाने रोपे सरळ उंच, लुसलुशीत आणि पातळ खोडाची होतात, आणि जस्त व लोह यांची उचल अडते. मग कोवळी पाने पिवळी पडू लागतात आणि एका कमतरतेच्या जागी दुसरी येते. हे खत कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच तीव्र द्रावणात मिसळू नये, दोहोंचा पांढरा साका बसतो आणि स्फुरद वाया जाते. सामू ७ च्या वर असेल तर आधी पाण्याचा सामू उतरवावा, नाहीतर दिलेले स्फुरदही जखडले जाईल. फवारणीने स्फुरद देण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. पानातून ते अगदी थोडे आत जाते, आणि गार संध्याकाळी पाने ओली राहिली तर रोगाला निमंत्रण मिळते.

शेतात लावलेली रोपे आणि मका

शेतात कडेच्या ट्रेची जागा जमिनीचे उंचसखलपण घेते. सखल, ओलसर किंवा चाकांनी दबलेल्या पट्ट्यांत जांभळी रोपे दिसली, तर तिथली माती गार आणि मुळांना हवा न मिळालेली असते, आणि ऊब वाढली, ओल ओसरली की बहुधा रंग जातो. सर्व शेत सारखेच जांभळे असेल, तर माती परीक्षणाचा अहवाल काढून पाहावा. अहवाल वाचताना परीक्षणाची पद्धत तपासावी : ओल्सन पद्धत उदासीन आणि चुनखडीयुक्त जमिनींसाठी असते, ब्रे पद्धत आम्ल जमिनींसाठी. चुकीच्या पद्धतीचा आकडा दिशाभूल करतो.

मक्यात जांभळेपणा जुन्या पानांच्या टोकाकडून कडांनी उतरत येतो. काही संकरित वाणांत तो आनुवंशिकच असतो आणि गार हवेत उमटतो. शेजारच्या दुसऱ्या वाणाच्या ओळी हिरव्या असतील तर हे लगेच ओळखता येते. साधारण सहा पानांच्या अवस्थेपर्यंत जमीन तापते, मुळे पसरतात आणि रंग निघून जातो. तोवर पिकाची वाढ इतर बाबतीत नीट असेल तर काही करू नये. पुढच्या हंगामात गार जमिनीत पेरणी करावी लागणार असेल, तर थोडे स्फुरद बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली ओळीत पेरून द्यावे, म्हणजे आखूड मुळांनाही ते गाठता येते.

ट्रेमधली रोपे जांभळी असतानाच पुनर्लागवडीची वेळ आली, तर रंगावरून ती थांबवू नये. वरची दोन पाने हिरवी आणि पूर्ण उघडलेली असावीत, माध्यमाचा गड्डा मुळांनी बांधला जाऊन अखंड निघावा, आणि शेतातली माती १० सेंटिमीटर खोलीवर सकाळी १५ अंशांच्या वर असावी. या तीन गोष्टी जमल्या असतील तर खालचे पान जांभळे असले तरी रोपे लावावीत.